तिमाही रिपोर्टचं एक पान करताना आकडे, तारखा, लाख-कोटी चुकतात? या क्रमाने तपासा

रत्नागिरीत हिशेबाच्या ऑफिसात काम करते. दर तिमाही संपली की कंपन्यांचे दहा-बारा पानी रिपोर्ट येतात आणि त्यांचं मराठीत एक पान करायचं असतं, संचालकांच्या मीटिंगसाठी नाहीतर बँकेसाठी. मासे प्रोसेस करणारे, कोल्ड स्टोरेजवाले, आंबा पल्पवाले, सगळे असतात. पान बहुतेक वेळा दुसरं कोणीतरी बनवतं आणि शेवटी तपासायला माझ्याकडे येतं, आणि त्यात चुका फिरून फिरून त्याच सापडतात. म्हणून तपासण्याचा माझा क्रम इथे सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पान पुढे पाठवू नका:

- मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतं, "ताई, हे लाखात का कोटीत?" आणि पानावर त्याचं उत्तर कुठेच नाही.
- वाढीची टक्केवारी आणि आकडा एकाच वाक्यात आहेत, पण गणित करून बघितलं तर एकाचा दुसऱ्याशी संबंध लागत नाही.
- पहिली तिमाही अधिक दुसरी तिमाही बरोबर सहामाही, हे जुळत नाही.
- मूळ रिपोर्टमध्ये तोटा आहे आणि पानावर तो नफा झालाय.
- "मागच्या वेळेपेक्षा", "गेल्या वर्षी", "चालू तिमाही" असे शब्द आहेत आणि एकही तारीख नाही.

आता हे का होतं ते. आकडा उतरवताना माणसं फारशी चुकत नाहीत, कॉपी-पेस्टच करतात. पण मूळ तक्त्यात तो आकडा एकटा नसतो, डावीकडे ओळीचं नाव असतं, वर कॉलमची तारीख असते, उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "रु. लाखात" असतं आणि कधी खाली तळटीप असते. आकडा तक्त्यातून उचलून वाक्यात टाकला की हे सगळं मागे राहतं. म्हणजे आकडा बरोबर असतो, तो कशाचा, कधीचा आणि किती शून्यांचा हे हरवलेलं असतं. खालच्या सगळ्या तपासण्या त्याच गोष्टी परत शोधायच्या आहेत.

उदाहरण एकच घेते आणि शेवटपर्यंत तेच वापरते. मासे प्रोसेस करणारी एक मध्यम कंपनी समजा, आकडे नमुन्याचे आहेत, कोणाचे खरे नाहीत. सगळं लाख रुपयांत.

| | तिमाही ३०-९-२०२४ | तिमाही ३०-६-२०२४ | तिमाही ३०-९-२०२३ | सहामाही ३०-९-२०२४ | सहामाही ३०-९-२०२३ |
|---|---|---|---|---|---|
| कामकाजाचं उत्पन्न | १,८४२.६० | २,११५.३५ | १,७०६.२० | ३,९५७.९५ | ३,६८८.४० |
| करानंतरचा नफा | ६१.८० | (१६.४०) | ४८.१० | ४५.४० | ७२.९० |

आणि यावरून तयार झालेलं पान असं आलं: "दुसऱ्या तिमाहीत उलाढाल १८.४२ कोटी, मागच्या तिमाहीपेक्षा ८ टक्के जास्त. निव्वळ नफा २८.५ टक्क्यांनी वाढून ४५.४० लाख."

वाचायला छान वाटतं. यातला एकही आकडा हवेतला नाही, सगळे त्या तक्त्यातूनच निघतात, आणि तरी दोन वाक्यांत तीन चुका आहेत.

१. एककाची ओळ शोधा (काही खर्च नाही, एक मिनिट)

मूळ रिपोर्टच्या प्रत्येक तक्त्यावर उजव्या कोपऱ्यात बघा, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, कारण नफा-तोटा लाखात आणि पुढचं निर्यातीचं पान डॉलर मिलियनमध्ये असं एकाच फाइलमध्ये असतं. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ मध्ये आकडे कशात दाखवायचे याला मोकळीक आहे, एकूण उत्पन्न १०० कोटींच्या आत असेल तर शेकड्यात, हजारात, लाखात किंवा मिलियनमध्ये, आणि १०० कोटी किंवा वर असेल तर लाखात, मिलियनमध्ये किंवा कोटीत. त्यामुळे दोन कंपन्यांचे रिपोर्ट शेजारी ठेवले तर एकक तेच असेल असं धरून चालू नका.

१ मिलियन म्हणजे १० लाख, १ कोटी म्हणजे १०० लाख. आपल्या कंपनीचे १,८४२.६० लाख म्हणजे १८.४२६ कोटी, म्हणजेच १८४.२६ मिलियन. आता १८.४२६ चे दोन दशांश केले तर १८.४३ होतात, पानावर १८.४२ आलंय कारण कोणीतरी शेवटचा ६ नुसता कापला. फरक लहान वाटतो, पण खालचे आकडे याच्यावर बेतले की तो पुढे सरकत जातो आणि बँकेच्या माणसाला तेवढ्यावरून फोन करावासा वाटतो.

माझं मत स्पष्ट आहे: एकक बदलूच नका. मूळ लाखात असेल तर पानही लाखात ठेवा, वर एकदा "सर्व आकडे लाख रुपयांत" लिहा आणि पहिल्या वाक्यात परत एकदा "लाख रुपये" लिहा, कारण लोक वरची ओळ वाचत नाहीत. संचालकांनी कोटीच मागितले तर सगळं पान कोटीत करा. एका वाक्यात कोटी आणि पुढच्यात लाख असं झालं की ऐकणारा डोक्यात शून्यं लावत बसतो, आणि चूक तिथेच होते.

वजनाचंही हेच. बंदरावरची खरेदी किलोत, निर्यात मेट्रिक टनात. दोन्ही पानावर घ्यायचे असतील तर प्रत्येक आकड्याला त्याचं एकक चिकटलेलं हवं.

२. प्रत्येक आकड्याची तारीख लिहून बघा (फुकट, पण इथे घाई करू नका)

बहुतेक गोंधळ इथेच असतो. वरच्या तक्त्यात उत्पन्नाचे पाच आकडे आहेत आणि पाचही "उत्पन्न" आहेत. पानाची प्रिंट काढा, पेन घ्या आणि प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर त्याच्या कॉलमची तारीख हाताने लिहा, आणि ती तिमाही आहे का सहामाही तेही लिहा. स्क्रीनवर नको, कागदावरच, कारण स्क्रीनवर डोळा ओळखीच्या आकड्यावरून पुढे सरकतो.

आपल्या पानावर हे केलं की लगेच दिसतं. "८ टक्के जास्त" हे १,८४२.६० आणि १,७०६.२० यांच्यातून आलंय, म्हणजे तुलना ३०-९-२०२३ ला संपलेल्या तिमाहीशी आहे, गेल्या वर्षीच्या याच तिमाहीशी. पण शब्द पडलेत "मागच्या तिमाहीपेक्षा". खरोखर मागची तिमाही म्हणजे एप्रिल ते जून २०२४, तिथे २,११५.३५ होते, म्हणजे त्या हिशेबाने १२.९ टक्के घट आहे. एका शब्दामुळे घट ही वाढ झाली.

आपल्या किनाऱ्यावरच्या धंद्यात हा फरक सोडून चालतच नाही. पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे जून पहिल्या तिमाहीत पडतो आणि जुलै दुसऱ्या. एप्रिल-मेचा माल पहिल्या तिमाहीत, ऑगस्टपासूनचा दुसऱ्या. आंबा पल्पवाल्यांचा तर हंगामच एप्रिल ते जूनमध्ये उरकतो. लागोपाठच्या दोन तिमाह्यांची तुलना केली तर अर्धी तुलना समुद्राची आणि पावसाची होते, कंपनीची होत नाही. गेल्या वर्षीची तीच तिमाही घ्या, आणि शेजारची तिमाही द्यायचीच असेल तर बंदीचा महिना कुठे पडला ते सोबत लिहा.

आता तिसरी चूक. नफा "२८.५ टक्क्यांनी वाढून ४५.४० लाख". २८.५ टक्के ही ६१.८० आणि ४८.१० ची वाढ आहे, तिमाहीची. ४५.४० हा सहामाहीचा नफा आहे. टक्के एका कॉलमचे, आकडा दुसऱ्या कॉलमचा. आणि सहामाहीला सहामाहीशी तोललं तर ७२.९० वरून ४५.४० म्हणजे ३७.७ टक्के घट. संचालकांना वाटणार नफा वाढला, बँकेतल्या साहेबांनी मूळ रिपोर्ट उघडला तर त्यांना घट दिसणार, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणून तिमाहीचा आणि सहामाहीचा कल उलटा असेल तर पान कितीही लहान असो, दोन्ही ओळी ठेवायच्या. शब्द वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

तारखेच्या आणखी दोन गोष्टी. नफा-तोटा हा "३० सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या तिमाहीचा" असतो आणि ताळेबंद "३० सप्टेंबर २०२४ अखेर" असतो, एक तीन महिन्यांचा हिशेब आणि दुसरा त्या दिवशीची स्थिती. ताळेबंदाशेजारी तुलनेसाठी दिलेला कॉलम बहुतेक वेळा ३१ मार्च २०२४ चा असतो, ३० सप्टेंबर २०२३ चा नसतो. म्हणजे उत्पन्नापुढचं "गेल्या वर्षी" आणि शिल्लक मालापुढचं "गेल्या वर्षी" या दोन वेगळ्या तारखा आहेत. फ्रीजरमधला मालाचा साठा मार्चअखेर किती असतो आणि बंदी उठून दोन महिने झाल्यावर किती असतो हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

आणि नुसतं "दुसरी तिमाही" लिहू नका. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं म्हणून आपली दुसरी तिमाही जुलै ते सप्टेंबर, पण कॅलेंडर वर्ष धरणाऱ्या बाहेरच्या खरेदीदाराची दुसरी तिमाही एप्रिल ते जून. ०८/११/२०२४ असंही लिहू नका, कोणी ८ नोव्हेंबर वाचेल कोणी ११ ऑगस्ट. महिन्याचं नाव अक्षरात लिहा, संपला विषय.

३. बेरजा लावा (पाच मिनिटं, एक शीट)

पानावर घ्यायचे आकडे एका एक्सेल शीटमध्ये टाका, कॉलम मूळ क्रमानेच ठेवा. उत्पन्न सहाव्या ओळीत आणि नफा सातव्या ओळीत आहे असं धरते, B पासून F पर्यंत पाच कॉलम.

```
=ISNUMBER(B7)
=ROUND(B7+C7-E7,2)
=ROUND((B7/D7-1)*100,1)
```

पहिलं सूत्र आधी का? तर पीडीएफमधून चिकटवलेला आकडा कधीकधी आकडा नसतोच, मागेपुढे न दिसणारी जागा येते आणि एक्सेल त्याला मजकूर समजतं, मग SUM त्याला गाळून टाकतं, काही न सांगता. FALSE आलं तर तो आकडा हाताने परत टाइप करा. दुसऱ्या सूत्राचं उत्तर शून्य यायला हवं, नाही आलं तर फरकाकडे नीट बघा, फरकच बरंच सांगतो.

फरक एखाद्या आकड्याच्या बरोबर दुप्पट असेल तर चिन्ह चुकलंय. आपल्या तक्त्यात (१६.४०) आहे, कंस म्हणजे तोटा. कंस गळला तर ६१.८० अधिक १६.४० म्हणजे ७८.२०, आणि सहामाही आहे ४५.४०. फरक ३२.८०, म्हणजे १६.४० ची दुप्पट. सापडला. पानावर म्हणूनच कंस ठेवू नका, "१६.४० लाख तोटा" असं शब्दांत लिहा, कंस फॉरवर्ड होता होता कुठेतरी पडतो, शब्द पडत नाही.

फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल तर दोन शेजारचे अंक उलटे पडले असण्याची शक्यता मोठी. १,८४२.६० च्या जागी १,८२४.६० झालं तर फरक १८. ही खूण आहे, पुरावा नाही, पण शोधायला सुरुवात इथून करा.

देवनागरी आकड्यांचं एक लक्षात ठेवा: ४ हा इंग्रजी 8 सारखा दिसतो, आणि बारीक छपाईत १ आणि ९ एकमेकांसारखे. शीटमध्ये इंग्रजी आकडे ठेवा आणि शेवटच्या पानावर देवनागरी हवे असतील तर फाइंड-रिप्लेसने बदला, बघून बघून टाइप करू नका.

४. टक्के स्वतः परत काढा

तिसरं सूत्र त्यासाठीच. रिपोर्टमधल्या निवेदनात दिलेले टक्के घेऊ नका, पानावर जे दोन आकडे छापताय त्यांच्यातूनच निघाले पाहिजेत. इथे दोन खड्डे आहेत.

एक, मागचा आकडा तोट्याचा असेल तर टक्के काढूच नका. (१६.४०) वरून ६१.८० ला सूत्र लावलं तर उणे ४७६.८ टक्के येतं, म्हणजे सुधारणा झाली असताना घसरण दिसते. तिथे सरळ लिहायचं, "१६.४० लाख तोट्यातून ६१.८० लाख नफ्यात".

दोन, टक्क्यांचे टक्के. नफ्याचं उत्पन्नाशी प्रमाण गेल्या वर्षीच्या याच तिमाहीत २.८२ टक्के होतं, या वेळी ३.३५ टक्के आहे. कोणी लिहितं "मार्जिन १९ टक्क्यांनी वाढलं", कोणी "०.५३ टक्क्यांनी वाढलं", गणिताने दोन्ही निघतात आणि वाचणाऱ्याला दोन वेगळ्या कंपन्या वाटतात. "२.८२ टक्क्यांवरून ३.३५ टक्क्यांवर" लिहा, शंका राहत नाही.

५. राउंडिंग एकदाच, शेवटी

कोटीत एक दशांश करून पान सुटसुटीत करायचा मोह होतो. आपला नफा बघा: ६१.८० लाख म्हणजे ०.६ कोटी, १६.४० लाख तोटा म्हणजे ०.२ कोटी, आणि सहामाही ४५.४० लाख म्हणजे ०.५ कोटी. आता ०.६ मधून ०.२ गेले की ०.४ उरतात, पानावर ०.५ आहे. तिन्ही राउंडिंग वेगवेगळं बघितलं तर बरोबर, आणि बेरीज चूक. लहान आकडे आहेत म्हणून हे होतं, ते लाखातच राहू द्या.

दुसरं, एक्सेलमध्ये दिसतं ते आणि आत असतं ते वेगळं असू शकतं. फॉरमॅटने दशांश लपवले तरी आत पूर्ण आकडा असतो, आणि बेरीज आतल्या आकड्यांची होते. सेलवर क्लिक करून वरच्या पट्टीत खरा आकडा बघा, टक्केही त्याच्यावरूनच काढा, राउंड केलेल्यावरून नाही.

६. तळटीपा वाचा (इथे वेळ लागतो)

सगळं जुळलं तरी हे उरतं. समजा तळटीप सांगते की या तिमाहीत विम्याच्या दाव्याचे २२.५० लाख मिळाले, करापूर्वी. ६१.८० लाखांच्या नफ्यात ते आलेत. पान लहान करताना पहिली कात्री तळटिपांनाच लागते, आणि मग २८.५ टक्के वाढ ही धंद्याची वाढ वाटते. ती टीप एका ओळीत पानावर यायलाच हवी. पण ६१.८० मधून २२.५० वजा करून "खरा नफा ३९.३०" असं लिहायला जाऊ नका, कारण एक आकडा करानंतरचा आहे आणि एक करापूर्वीचा, ती वजाबाकीच होत नाही. जसं आहे तसं द्या, "यात विमा दाव्याचे २२.५० लाख, करापूर्वी".

"लेखापरीक्षण न झालेले" हे शब्दही कापायचे नाहीत. तीन शब्द आहेत, मावतात.

एवढं झाल्यावर आपलं पान असं होतं: "३० सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या तिमाहीत कामकाजाचं उत्पन्न १,८४२.६० लाख रुपये, गेल्या वर्षीच्या याच तिमाहीत १,७०६.२० लाख, वाढ ८.० टक्के. करानंतरचा नफा ६१.८० लाख, यात विमा दाव्याचे २२.५० लाख, करापूर्वी; गेल्या वर्षी याच तिमाहीत नफा ४८.१० लाख. एप्रिल ते सप्टेंबर सहामाहीचा नफा ४५.४० लाख, गेल्या वर्षीच्या सहामाहीत ७२.९० लाख. आकडे लेखापरीक्षण न झालेले." आधीच्यापेक्षा लांब आहे, मान्य, पण याहून लहान केलं तर काहीतरी खोटं होतं.

कुठे थांबायचं आणि सीएला फोन करायचा

मूळ रिपोर्टमध्येच बेरीज लागत नसेल तर थांबा. शेवटच्या दशांशात ०.०१ चा फरक राउंडिंगचा असतो, तो सोडून द्या, त्याहून मोठा असेल तर स्वतःच्या मनाने कुठलाही आकडा "दुरुस्त" करू नका. ज्यांनी रिपोर्ट केला त्यांना ओळ आणि कॉलम सांगून विचारा.

गेल्या वर्षीचा आकडा या रिपोर्टमध्ये वेगळा आणि गेल्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये वेगळा दिसला तर थांबा. बहुतेक वेळा खर्चांची नव्याने गटवारी झालेली असते किंवा जुना आकडा सुधारलेला असतो, कुठला वापरायचा हे सीए सांगतील.

मार्चची तिमाही असेल तर जास्त जपून. लिस्टेड कंपन्यांच्या रिपोर्टमध्ये चौथ्या तिमाहीचा आकडा म्हणजे पूर्ण वर्षाच्या ऑडिट झालेल्या आकड्यातून पहिल्या नऊ महिन्यांचा जाहीर केलेला आकडा वजा करून उरलेली रक्कम असते. ऑडिटमध्ये वर्षभराच्या दुरुस्त्या झाल्या की त्या सगळ्या त्या तीन महिन्यांवर येऊन पडतात, आणि चौथी तिमाही विचित्र दिसली तर कारण तिथे असू शकतं. ते एका ओळीत कसं मांडायचं हे आपण ठरवायचं नाही.

ऑडिटरच्या अहवालात कुठे "याखेरीज" किंवा "याकडे लक्ष वेधतो" असं काही असेल तर ते वाक्य आपल्या शब्दांत लहान करू नका, सीएकडून शब्द घ्या. आणि कंपनी लिस्टेड असेल तर पान बाहेर जायच्या आधी कंपनी सेक्रेटरींना दाखवा, निकाल स्टॉक एक्सचेंजला जाण्याआधी तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर मसुदासुद्धा टाकू नका. अशा कंपन्यांना मार्च सोडून बाकी तिमाह्यांचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत द्यायचे असतात, म्हणजे सप्टेंबर तिमाहीला १४ नोव्हेंबरपर्यंत, त्यामुळे शंका असेल तर शेवटच्या दिवसाची वाट न बघता आठवडाभर आधीच फोन करा, नोव्हेंबरच्या त्या दिवसांत सीएंचा फोन लागत नाही.